पान २२ वरचा महादेव

मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेला पटकथा वाचून देणारी माणसं हवी होती. काम घरून, पैसे वाचलेल्या पटकथेमागे, आणि अर्जासोबत एक नमुना कव्हरेज जोडायचं. पटकथा पूर्ण लांबीच्या चित्रपटाची हवी आणि कव्हरेज चार पानांच्या आत बसायला हवं, एवढ्याच अटी. बेळगावात राहून असल्या कामाला अर्ज करणं जरा विचित्रच. आमच्याकडे नाटकवेडे आहेत, एकांकिका बसवणारे आहेत, दर हिवाळ्यात गावोगावी साहित्य संमेलनं भरवणारे आहेत. पण दुसऱ्यानं लिहिलेली पटकथा वाचायची आणि त्याचे पैसे मिळतात म्हटलं की घरचे शांतपणे विचारतात, ‘आणि बँकेची परीक्षा कधी आहे?’

कव्हरेज म्हणजे परीक्षण नव्हे आणि लेखकाला दिलेला सल्लाही नव्हे. संस्थेकडे येणाऱ्या सगळ्या पटकथा निर्णय घेणारा माणूस वाचू शकत नाही. त्याच्या वतीनं रीडर वाचतो आणि तीन-चार पानांत त्याला सांगतो की यात काय आहे, ते कितपत जमलंय आणि यावर वेळ घालवायचा का. वरती पटकथेचं नाव, प्रकार, पानं, काळ आणि स्थळ, खर्डा कुठला, वाचला कधी अशी माहितीची चौकट असते. तिच्याखाली कथेचं सार सांगणारी एक-दोन वाक्यांची लॉगलाइन. मग सिनॉप्सिस, म्हणजे शेवटासकट पूर्ण कथा. त्यानंतर कॉमेंट्स, आणि कल्पना, रचना, पात्रं, संवाद वगैरेंना श्रेणी देणारा छोटा तक्ता. सगळ्यात शेवटी निकाल. पास म्हणजे नको, कन्सिडर म्हणजे वरच्यांनी एकदा नजर टाकावी, रेकमेंड म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवून वाचा. बहुतेक पटकथांच्या वाट्याला पहिला शेरा येतो आणि तिसरा क्वचित कुणाच्या नशिबी असतो.

नमुना वाचणारा माणूस अर्जदाराची भाषा बघतोच. पण त्याला खरं तपासायचं असतं ते हे, की मी पटकथा न वाचता या मुलीच्या चार पानांवर विसंबलो तर फसेन का?

म्हणून गाजलेल्या चित्रपटाची पटकथा नमुन्याला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तशा पटकथा नेटवर सापडतात आणि मोह होतो. पण तिथे निकाल आधीच लागलेला असतो. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाला रेकमेंड दिल्यानं माझ्या पारखीविषयी काहीच कळत नाही, आणि पास दिला तर मी शहाणपणा मिरवतेय असं वाटतं. शिवाय सापडलेला मजकूर चित्रीकरणाआधीचा खर्डा आहे की पडद्यावर बघून कुणी उतरवून काढलाय, याची खात्री नसते. आणि चित्रपट बघितलेला असला की संवाद नटाच्या आवाजातच ऐकू येतो. पानावर नसलेला अभिनय आपण पानाच्या खात्यावर जमा करतो. दुसऱ्या संस्थेसाठी केलेलं जुनं कव्हरेज पाठवणं तर त्याहून वाईट. एका संस्थेची गुपितं दुसरीला दाखवणाऱ्याच्या हाती कोण आपली पटकथा देईल?

म्हणजे न बनलेली पटकथा हवी, तीही लेखकाच्या परवानगीनं. कॉलेजात माझ्याबरोबर एकांकिका करणारा एक मित्र आता खानापूर तालुक्यात शाळेत शिकवतो. त्यानं लिहिलेली पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवली होती, पण ती कुणी वाचलेली नव्हती. फोन केला तर म्हणाला, “घे की. तेवढंच कुणीतरी वाचलं म्हणायचं. पण माझं नाव झाक, आणि पाठवायच्या आधी मला दाखव.” पहिली अट रास्त होती. दुसऱ्या अटीला मी हो म्हटलं, पण मनात धाकधूक होती. कव्हरेज लेखकासाठी लिहिलेलं नसतं आणि लेखकाला ते वाचायला सहसा गोड लागत नाही.

पटकथा १३१ पानांची होती, देवनागरीत, दोन रकान्यांत. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद. ही आपल्याकडची जुनी पद्धत, अजूनही बरेच जण तसंच लिहितात. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट हा सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब मात्र अमेरिकन मांडणीचा आहे, कुरियर टाइप, १२ पॉइंट, ठरलेले समास. दोन रकान्यांच्या देवनागरी पानाला तो लागू होत नाही, कारण एका रकान्यात मजकूर असताना शेजारचा रिकामा पडून असतो. तेव्हा चौकटीत नुसतं ‘पानं १३१’ लिहिलं तर मुंबईचा वाचक सव्वादोन तासांचा चित्रपट धरून चालेल. मी पटकथेतली वेगवेगळ्या जागची दहा पानं घेतली, घड्याळ लावून संवाद मोठ्यानं वाचले, मधल्या हालचालींना अंदाजे वेळ दिला आणि त्यावरून पूर्ण लांबी काढली. ती दोन तासांच्या थोडी आत आली. चौकटीत पानं, मांडणी आणि हा अंदाज असं तिन्ही लिहिलं. चार शब्दांचीच भर, पण रीडरनं नुसता आकडा उतरवलेला नाही हे त्यातून कळतं.

आता कथा. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

महादेव, वय ५८, निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या दूधगंगेकाठच्या गावचा ऊस उत्पादक. कारखान्यातून निवृत्त झालाय, पण तिथे काय काम करायचा हे पटकथा सुरुवातीला सांगत नाही. कारखाना सरहद्दीपलीकडे, महाराष्ट्रात. सुरुवातीलाच तो दोन ट्रॉल्या ऊस आधी गावाजवळच्या खासगी काट्यावर तोलतो, मग कारखान्यावर. भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, वजाबाकी केली की निव्वळ ऊस. खासगी काट्यावर १९.६ टन, कारखान्यात १८.२. दीड टनाला थोडा कमी इतका ऊस वाटेतच नाहीसा झाला. पटकथेतल्या टनाला तीन हजारांच्या दरानं ४,२०० रुपये, तेही एका खेपेत. दोन्ही पावत्या घेऊन महादेव बेळगावच्या वैधमापन कचेरीत जातो. तिथे सांगतात, काटा महाराष्ट्रात आहे, आमचा अधिकार नाही. कोल्हापुरात सांगतात, तुमची खासगी पावती कर्नाटकातल्या काट्याची आहे, ती आम्ही कशी धरू. जुलैत नदीला पूर येतो आणि उभा ऊस पाण्यात जातो. पुढच्या हंगामात तो गावातल्या पाच शेतकऱ्यांना जोडून घेतो आणि लढा गावचा होतो. पान ८८ वर पलीकडच्या गावचा एक म्हातारा शेतकरी त्याला ओळखतो. महादेव वीस वर्षं त्याच काट्यावर कारकून होता आणि त्यानं स्वतः याच लोकांच्या उसाचं वजन मारलं होतं. शेवटी तो गावच्या बैठकीत काटा कसा मारतात ते सांगतो. ते सांगायचं म्हणजे स्वतःची करणी सांगायची. कारखाना काटा दुरुस्त करतो, गाव महादेवला वाळीत टाकतं.

वाचून झाल्या झाल्या माझ्या डोक्यात लॉगलाइन तयार होती. ‘वीस वर्षं शेतकऱ्यांच्या उसाचं वजन मारलेला निवृत्त काटा-कारकून स्वतःच्याच उसाचं वजन कमी भरल्यावर कारखान्याविरुद्ध उभा राहतो, पण पुरावा द्यायचा तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागणार असतो.’ कोण, काय हवंय, आड काय येतंय आणि त्यातली मेख, सगळं दोन ओळींत. ही वाचून कुठलाही निर्माता म्हणेल, आण बघू.

आणि आणली की त्याला ८७ पानं एक साधा, चिडलेला शेतकरी दिसेल. गुन्हा नाही, कोंडी नाही, मेख नाही. लॉगलाइननं जे वचन दिलं ते पटकथा दोन-तृतीयांश संपल्यावर पाळायला घेते. म्हणजे ही लॉगलाइन मित्राच्या पटकथेची नव्हतीच. त्यानं न लिहिलेल्या, मला मनातल्या मनात दिसलेल्या पटकथेची होती. मी पाठवली ती दुसरी. ‘सीमाभागातला एक ऊस उत्पादक आपल्या उसाचं वजन मारलं गेल्याचं सिद्ध करण्यासाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो; लढा गावाचा होतो तेव्हा, त्यानंच पूर्वी त्या काट्यावर बसून इतरांना लुबाडलं होतं हे उघड होतं.’ ही पहिलीइतकी चटकदार नाही. पण कथा ज्या क्रमानं घडते तोच क्रम तिच्यात आहे, आणि अर्धविरामानंतर मिळणारी कलाटणी उशिरा येते हे तिच्या बांधणीतूनच जाणवतं. रीडरची लॉगलाइन पटकथेपेक्षा सरस झाली तर तिच्यावर विसंबून पटकथा मागवणाऱ्याचा वेळ वाया जातो, आणि पुढच्या वेळी तो त्या रीडरचं वाचत नाही.

सिनॉप्सिसमध्ये हाच पेच मोठा होऊन समोर येतो. वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, पात्र पहिल्यांदा आलं की वय, आणि मत कुठेही नाही. हे नियम सोपे आहेत. अवघड असतं ते प्रमाण. पहिल्या खर्ड्यात हटकून असं होतं की सुरुवातीची तीस पानं अर्धा सिनॉप्सिस खातात, कारण तिथे सगळं नवीन असतं आणि आपणही ताजेतवाने असतो. मग मधला भाग दोन परिच्छेदांत आवरतो आणि शेवटाला उरतात तीन वाक्यं. ओळखायची युक्ती सोपी आहे. सिनॉप्सिसच्या समासात, प्रत्येक परिच्छेदासमोर, तो पटकथेच्या कुठल्या पानांवर बेतलाय ते पेन्सिलीनं लिहायचं. एकासमोर १ ते १२ आणि दुसऱ्यासमोर ६० ते १०५ असं दिसलं की काय कापायचं ते वेगळं शोधावं लागत नाही. मला कारखान्याच्या गेटवरचे दोन झकास प्रसंग असेच सोडावे लागले. ते गाळूनही कथा कळत होती.

त्याहून मोठी खोड म्हणजे सिनॉप्सिस लिहिता लिहिता पटकथा दुरुस्त करणं. सराईत वाचकाचा हात आपोआप ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘हे लक्षात आल्यावर’ असे सांधे घालत जातो. ‘पुरात ऊस बुडाल्यामुळे हताश झालेला महादेव इतरांना एकत्र करायचं ठरवतो.’ किती सुरेख. पण पटकथेत पूर संपतो, पाटी येते ‘पुढचा हंगाम’, आणि महादेव पाच जणांसोबत झाडाखाली बसलेला दिसतो. ठरवणं पानावर नाही. हताशपणाही नाही. म्हणून मी लिहिलं, ‘पुरात ऊस बुडतो. पुढच्या हंगामात महादेव पाच शेतकऱ्यांना घेऊन प्रत्येक गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलायला सुरुवात करतो.’ दोन वाक्यांमधली फट तशीच राहू दिली, आणि ती का आहे याची चर्चा कॉमेंट्समध्ये केली. सगळं लिहून झालं की सिनॉप्सिसमधले सगळे ‘म्हणून’ शोधायचे आणि प्रत्येकासाठी पटकथेतलं पान दाखवता येतं का ते बघायचं. नाही आलं तर तो ‘म्हणून’ आपला.

इथे सीमाभागात जन्मल्याचा एक वेगळाच घोटाळा होतो. पान ४७ वर १ नोव्हेंबर आहे. महादेवचा मुलगा विलास संध्याकाळी घरी येतो, दंडावरची काळी फीत सोडतो, खिशात कोंबतो. महादेव ते बघतो, काही बोलत नाही, उठून दाराला आतून कडी घालतो. प्रसंग संपला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. तो महादेव मला आमच्या गल्लीत चार घरांत भेटलाय. मुलानं सरकारी नोकरीचा अर्ज केलेला असेल. शेजारी कन्नड असतील आणि संबंध चांगले असतील. किंवा कधीकाळी स्वतः मोर्चात मार खाल्लेला असेल. मी एका दमात तीन कारणं देऊ शकते. पटकथेत त्यातलं एकही नाही. विलासच्या नोकरीचा उल्लेख नाही, शेजारी कोण आहेत ते नाही, महादेवचं तरुणपण नाही.

अंधेरीत बसलेल्या वाचकाला काय दिसणार? एक फीत आणि एक कडी. त्यामुळे कॉमेंट्समध्ये आधी एका वाक्यात संदर्भ दिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आहे आणि सीमाभागातले मराठी भाषक तो काळा दिवस म्हणून पाळतात. हे वाक्य घालणं मला आवश्यक वाटलं, कारण फट माहितीची आहे की पटकथेची, हे वाचणाऱ्याला वेगळं कळलं पाहिजे. मग लिहिलं, ‘संदर्भ ठाऊक असला तरी महादेव कडी का घालतो हे पानावर येत नाही. प्रसंग प्रभावी आहे, पण त्याचा प्रभाव वाचकाकडे आधीपासून असलेल्या अनुभवावर उभा आहे.’ हे लिहिताना मला बरं वाटलं नाही, खरं सांगायचं तर. आपल्या घरातली गोष्ट परक्याला ‘पुरेशी स्पष्ट नाही’ म्हणून सांगायची. पण मी पगार मागत होते तो याच कामाचा.

कॉमेंट्सचा गाभा मात्र पान ८८ होता. रहस्य उशिरा फोडलं हा काही आपोआप दोष होत नाही. नुसतं ‘कलाटणी फार उशिरा येते’ असं लिहिणारा रीडर स्वतःची आवड सांगत असतो. तपासायची रीत अशी, की रहस्य माहीत धरून पटकथा पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची. आता त्या पात्राचं प्रत्येक वागणं जुळतंय का? जुळलं तर लेखकानं ते लपवून ठेवलं होतं. नाही जुळलं तर लेखक खोटं बोलला होता.

बरंचसं जुळतं. पान १४ वर कारखान्याच्या काट्यावर महादेव खिडकीतून आत डोकावतो तेव्हा तो आकड्यांकडे बघत नाही, कारकुनाच्या हातांकडे बघतो. पहिल्या वाचनात मी ते ओलांडून गेले होते. दुसऱ्यांदा वाचताना खुर्चीत सरळ बसले. पण मग येतं पान २२. रात्र, स्वयंपाकघर, घरचे झोपलेत. महादेव एकटा दोन्ही पावत्या समोर घेऊन बसलाय. पावतीच्या पाठीवर वजाबाकी करतो आणि मोठ्यानं म्हणतो, “असं कसं हुतंय? काट्याला काय झालंय?”

हा माणूस वीस वर्षं त्या काट्यावर बसलेला आहे. असं कसं होतं हे पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. दुसरं कुणी समोर असतं तर म्हणता आलं असतं की तो नाटक करतोय. पण खोलीत कुणी नाही. तो प्रश्न प्रेक्षकाची दिशाभूल करायला लेखकानं त्याच्या तोंडी घातलाय. कॉमेंट्समध्ये मी फक्त हे एकच पान घेतलं आणि त्यावर आख्खा परिच्छेद लिहिला. बाकी ठिकाणची नुसती पानं नमूद केली. रचनेविषयी दहा विधानं करून प्रत्येकाला अर्धी ओळ देण्यापेक्षा एक विधान पुराव्यासकट शेवटपर्यंत नेलेलं बरं. वाचणारा पटकथेचं पान २२ उघडून मला तपासू शकतो, आणि नमुन्याचा उपयोग तोच तर आहे.

संवादांना मी उत्तम श्रेणी दिली, आणि का ते एका ओळीनं दाखवलं. कोल्हापूरच्या कचेरीतून बाहेर पडल्यावर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर विचारतो, “मालक, काट्याला बी राज्य असतंय व्हय?” सगळ्या कचेरीप्रकरणाचा सार त्या एका प्रश्नात आहे आणि तो विनोदाच्या अंगानं आलाय. त्याचबरोबर, बरेचसे संवाद कन्नडमध्ये आहेत आणि पटकथेत त्यांचा अर्थ दिलेला नाही, हेही नोंदवलं. आम्हाला ते अडत नाही. निर्मात्याला अडेल.

निर्मितीच्या परिच्छेदात मात्र इथली असल्याचा मला फायदा झाला. पटकथा कागदावर स्वस्त वाटते. गाव, शेत, दोन कचेऱ्या, एक काटा. पण ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा गाळप हंगामातच मिळतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात कुठलाही चालू कारखाना आपला काटा चित्रीकरणासाठी अडवून देणार नाही, कारण मागे गाड्या खोळंबतात आणि तोडलेला ऊस वाळून वजन घटत राहतं. हंगाम संपल्यावर काटा मोकळा मिळेल, पण मग रांग नाही आणि ऊसही नाही. त्यात जुलैचा पूर. म्हणजे दोन ऋतूंत चित्रीकरण, आणि काट्याचा देखावा बहुधा स्वतः उभारणं. एवढं चार वाक्यांत लिहिलं. रक्कम लिहिली नाही. खर्चाचा अंदाज बांधणारा माणूस संस्थेत वेगळा असतो, रीडरनं फक्त खर्च कुठे दडलाय ते दाखवावं.

निकाल लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बऱ्याच कव्हरेजांत पटकथेचा निकाल वेगळा आणि लेखकाचा वेगळा अशी सोय असते, आणि ती नेमकी अशाच वेळी उपयोगी पडते. पटकथेला कन्सिडर देण्याचा मोह होत होता. मित्र म्हणून होत होता, आणि विषय आपल्या मातीतला म्हणूनही. पण कन्सिडर म्हणजे वरच्या माणसानं आपले दोन तास द्यावेत, आणि ते दोन तास दिल्यावर त्याला ८७ पानं वाट बघावी लागणार होती. कल्पना उत्तम, संवाद उत्तम, पात्रं चांगली, रचना कमकुवत. पटकथा पास. लेखक कन्सिडर. खाली एक वाक्य, ‘या लेखकाची पुढची पटकथा, किंवा याच पटकथेचा नवा खर्डा, वाचावा.’

ठरल्याप्रमाणे मित्राला पाठवलं. तो रविवारी बेळगावला आला, आणि चहा यायच्या आधीच म्हणाला, “तू काय गं, संवाद उत्तम म्हणतीस आणि वर नापास करतीस.”

“नापास तुला नाही केलं. पटकथेला केलंय.”

“अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ठेवलं म्हणून तर धक्का बसतो. आधी सांगितलं तर राहिलं काय?”

मी पान २२ उघडून पुढे सरकवलं. त्यानं वाचलं. परत वाचलं. मग जरा घुटमळून म्हणाला, “मग काय करू? गप बसवू त्याला?”

“बसव की.”

तो हसला, पण त्याला पटलं होतं. महादेव त्या रात्री दोन पावत्यांकडे नुसता बघत बसला, तर पहिल्यांदा बघणाऱ्याला तो गोंधळलेला शेतकरी वाटेल आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्याला सगळं ठाऊक असलेला माणूस. एक ओळ काढली की खोटं संपतं. ही सूचना मी कव्हरेजमध्ये मुद्दामच लिहिली नव्हती. कव्हरेज वाचणाऱ्याला पटकथा घ्यायची की नाही ते ठरवायचं असतं, ती नीट कशी करायची हा प्रश्न घेतल्यानंतरचा आणि वेगळ्या कागदाचा. नमुन्यात दुरुस्त्यांचा पाऊस पाडणारे अर्जदार आपण लेखक व्हायला निघालोय हे नकळत सांगून जातात. मित्र मात्र समोर बसला होता, आणि चहा त्याच्या पैशांचा होता.

पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव काढलं, पटकथेचं शीर्षक परवानगीनं ठेवलं, पीडीएफ केली, पाठवली. काही दिवसांनी संस्थेतून फोन आला. बोलणाऱ्या बाई मराठीच होत्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, “उसाचं सगळं तुम्हाला माहीत आहे म्हणून हे इतकं बारकाईनं आलं. उद्या मी तुम्हाला मच्छीमारांची पटकथा दिली तर?”

प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, पान २२ साठी ऊस कळायची गरज नाही. एकटा माणूस स्वतःशीच खोटं का बोलतोय, एवढंच विचारावं लागतं. हंगामाचा परिच्छेद मात्र मच्छीमारांच्या पटकथेत मला लिहिता येणार नाही, आणि येत असल्याचा आव मी आणणार नाही.

त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी चाचणीची पटकथा आली. हिंदी, संवाद रोमन लिपीत, कथा कोकण किनाऱ्यावरची, मुदत ४८ तास. बाईंनी मच्छीमार खरेच पाठवले होते. निर्मितीच्या रकान्यात मी समुद्रातले प्रसंग किती, त्यातले रात्रीचे किती आणि बोटी किती लागतील, एवढं पानांच्या आकड्यांसकट मोजून लिहिलं. मासेमारीच्या हंगामाविषयी एक शब्द लिहिला नाही.